प्रेस शॉपमधली शिफ्ट सुरू होतानाची सुरक्षा घोषणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये माझी बरीच वर्षं गेली. आधी ऑपरेटर होतो, मग सेटर झालो, आता शिफ्ट बघतो. रोज सकाळी माणसांसमोर उभं राहून नेमकं काय बोलायचं, हे नवे सुपरवायझर मला सतत विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय : ३० टनांची, जुन्या पद्धतीच्या की-क्लचची, पायडलवर चालणारी प्रेस आणि तिच्यावरचा वॉशरचा जॉब.

आमच्याकडे घोषणा रोज होते. तरी कुणाला विचारलं तर एक वाक्य आठवत नाही. असं का?

तुमच्या घोषणेचा कागद काढून बघा. बहुतेक तो असा असेल : "सर्व कामगारांना सूचित करण्यात येते की, यंत्र कार्यरत असताना यंत्राच्या धोकादायक भागांशी संपर्क टाळावा व वैयक्तिक सुरक्षा साधनांचा अनिवार्य वापर करावा."

भाषा जड आहे हे कुणालाही दिसतं. पण खरी गडबड दुसरीकडेच आहे. चार नंबर प्रेसवर स्ट्रिप अडकते. ऑपरेटर लाल बटण दाबतो, मोटर बंद होते. त्याच्या हिशेबाने आता यंत्र "कार्यरत" नाही. मग तो जाळी उघडून आत हात घालतो. तुमची सूचना त्याने मोडलेली नाही, उलट पाळलीच आहे. आणि फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, मात्र अजून फिरतंय. अशा वेळी पायडलवर पाय पडला, नाहीतर हेल्परच्या हातातला पत्रा पायडलवर आपटला, की प्रेस खाली येते. मोटर बंद असली तरी येते, कारण तो स्ट्रोक मोटरच्या नव्हे, चाकात साठलेल्या ताकदीवर होतो.

म्हणजे त्या सूचनेत नेमका तो क्षणच नाही. "टाळावा" म्हटलं, पण त्याऐवजी काय करायचं ते सांगितलं नाही. जॉब तर अडकलाय आणि तो काढायचा आहेच. वाट दाखवली नाही की माणूस आपली वाट काढतो.

मग आम्ही काय बोलायचं? तयार मजकूर द्या.

हा आमच्या शॉपमधला. सावकाश बोलला तर मिनिटभरात संपतो.

> या, जवळ या. मशिनी बंद आहेत ना? मग ऐका.
>
> आज चार नंबरला वॉशर आहे. पत्रा पातळ आहे, तेल चिकट आहे. जॉब अडकणार. अडकला तर तुमची चूक नाही.
>
> जॉब अडकला, की पहिलं काय? पाय! पाय पायडलवरून काढून मागे घ्या.
>
> दुसरं, लाल बटण दाबा. मोटर बंद झाली. प्रेस बंद झाली का? नाही झाली. चाक फिरतंय.
>
> तिसरं, चाकाकडे बघा. थांबेपर्यंत बघत राहा. मग मेन हँडल खाली करा.
>
> आता जाळी उघडा. चिमट्याने काढा. चिमटा प्रेसला लटकवलेला आहे.
>
> चिमट्याने निघत नाही? सोडून द्या. सेटरला हाक मारा. वेळ गेला तर तो मी लिहीन, तुमच्या नावावर लागणार नाही.
>
> आता तुम्ही सांगा. जॉब अडकला, पहिलं काय? (पाय!) मग? (लाल!) मग? (चाक!) आणि डायमध्ये हात? (नाही!)
>
> चला, लावा मशिनी.

कंसातली उत्तरं माणसांनी द्यायची आहेत. ती आली नाहीत तर पुन्हा विचारायचं, पण रागावायचं नाही. पहिल्या आठवड्यात सगळे लाजतात, हसतात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी मुद्दाम जोरात ओरडतो. ओरडू द्या.

एकच गोष्ट? हेल्मेट, बूट, आग, फोर्कलिफ्ट, हे सगळं कधी सांगायचं?

त्या दिवशी नाही. उभ्या उभ्या ऐकणारा माणूस तीन पावलं धरून ठेवतो. चौथं घातलं की पहिलं गळतं. पाय, लाल, चाक हे तीन शब्द मी ठरवून निवडलेत. तिन्ही रोज तोंडात असतात, तिन्ही समोर दिसतात आणि तिन्हींकडे बोट दाखवता येतं. जपानी रेल्वेत सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हणायची जुनी पद्धत आहे. इथेही तेच करा. "पाय" म्हणताना खरंच पाय मागे घ्यायला लावा, "चाक" म्हणताना चाकाकडे हात करायला लावा. नुसतं कानाने ऐकलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतं. अंगाने केलेलं जास्त दिवस टिकतं.

फोर्कलिफ्टचं वेगळ्या आठवड्यात घ्या, आणि तेव्हा फक्त फोर्कलिफ्टचंच घ्या.

"पाय" पहिला का? लाल बटण पहिलं नको का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक नवा सुपरवायझर विचारतो, आणि बरोबर विचारतो. आपल्या सगळ्यांना शिकवलंय की गडबड झाली की लाल बटण.

पण की-क्लच प्रेसचं काम कसं चालतं बघा. पायडल दाबलं की क्लचची चावी फिरत्या चाकात अडकते आणि शाफ्ट पूर्ण एक फेरा घेतो. मध्ये थांबवायची सोयच नाही. फेरा सुरू झाला की लाल बटण दाबा नाहीतर देवाला हाक मारा, स्लाइड खाली जाऊन वर येणारच. लाल बटण फक्त मोटर बंद करतं. स्ट्रोक सुरू करणारी गोष्ट पायाखाली आहे, म्हणून आधी पाय काढायचा. बटणाकडे वाकताना अंगाचा भार पुढच्या पायावर येतो, आणि तो पाय पायडलवर असेल तर त्याच झोकात स्ट्रोक बसू शकतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नशिबाने तेव्हा आत फक्त पत्रा होता.

पायडलवर वरून झाकण असलं पाहिजे, म्हणजे पाय मुद्दाम आत सरकवल्याशिवाय दाबलं जाणार नाही. झाकण तुटलेलं असेल तर आज घोषणा करू नका. आधी झाकण लावून घ्या.

जुने ऑपरेटर म्हणतात, "आमचा हात बसलाय, पटकन काढतो." त्यांना काय सांगू?

वाद घालू नका, हिशेब करून दाखवा. प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोक मारते असं धरा. म्हणजे एक फेरा एका सेकंदाचा. स्लाइडची चाल ५० मिलिमीटर आहे आणि हाताची जाडी साधारण २५. हात चेपायला स्लाइड पूर्ण खाली यायची गरज नाही, अर्ध्या वाटेवरच ती हाताला भिडते. अर्धी वाट म्हणजे पाव फेरा, म्हणजे पाव सेकंद.

आता माणूस. तयारीत बसलेल्या, इशाऱ्याची वाट बघणाऱ्या माणसालाही काही दिसल्यावर हात नुसता हलवायला सुरुवात करायला साधारण पाव सेकंद लागतो. इथे तर तो तयारीतही नाही. त्याचं लक्ष अडकलेल्या जॉबवर आहे आणि बोटांनी जॉब धरलेला आहे. हात निघायला सुरुवात होईपर्यंत स्लाइड पोचलेली असते.

हे भाषण म्हणून सांगू नका. आमच्याकडे एक मामा होते, पंचवीस वर्षं प्रेसवर काढलेली. मी लाकडी पट्टी वरच्या टोकाला अशी धरली की ती त्यांच्या दोन उघड्या बोटांच्या मधे लटकत होती, आणि म्हणालो, "मामा, सोडतो, धरा." वीतभर पट्टी निसटल्यावर बोटं मिटली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मामा काही बोलले नाहीत, पण तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी मागून घेतली आणि शेजारच्या पोराच्या बोटांत धरली.

आमच्या प्रेस नव्या आहेत, एअर क्लचच्या, पुढे सेन्सरचा पडदा आहे. हीच घोषणा चालेल का?

नाही. तशीच उचलून वाचू नका.

एअर क्लचची प्रेस मधल्या वाटेवर थांबू शकते. म्हणून तिथे सेन्सरचा पडदा कामाचा असतो. हात आत गेला, किरण तुटला की ब्रेक लागतो. पण ब्रेकलाही वेळ लागतो, म्हणून पडदा डायपासून ठरावीक अंतरावर असावा लागतो. हे अंतर काढताना हाताचा वेग साधारणपणे सेकंदाला १.६ मीटर धरतात. समजा पडद्याने हात ओळखून स्लाइड पूर्ण थांबायला ०.२ सेकंद लागत असेल, तर हात तेवढ्या वेळात ३२ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे पडदा किमान तेवढा लांब हवाच, शिवाय पडद्याच्या दोन किरणांमधल्या जागेसाठी अजून थोडं अंतर धरावं लागतं. ब्रेकचे लायनर झिजले की थांबायचा वेळ वाढतो, आणि काल पुरेसं असलेलं अंतर आज कमी पडतं.

त्या शॉपमध्ये "पाय, लाल, चाक" ऐवजी सकाळचं पहिलं काम वेगळं : डायमध्ये काहीही नसताना, पडद्यात काठी घालून प्रेस थांबते का ते सगळ्यांसमोर करून दाखवा. त्यातच अर्धी घोषणा होते.

उलट चूक जास्त वाईट. जुन्या की-क्लच प्रेसवर कुणी सेन्सरचा पडदा बसवून देत असेल तर घेऊ नका. किरण तुटला तरी ती प्रेस थांबू शकत नाही. माणसाला मात्र वाटतं, आपल्याला कुणीतरी राखतंय. तिथे पक्की जाळी हवी, आणि पत्रा सरकेल पण बोट जाणार नाही एवढीच फट हवी.

एका प्रेसवर दोघं काम करतात. काही बदल?

हो, एक वाक्य वाढवा : "स्ट्रोकची हाक कोण देणार? आज फक्त सुनीलभाऊ." नाव घेऊनच सांगा. दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांची प्रेस असेल तर प्रत्येक माणसासाठी वेगळी दोन बटणं हवीत. एकाच जोडीवर दोघं काम करत असतील, तर दुसऱ्याचे हात मोकळे राहतात, आणि मोकळे हात कुठेही जातात.

घोषणा बोली भाषेत करायची म्हणजे शब्द कसे निवडायचे?

एक दिवस शॉपमध्ये उभं राहून फक्त ऐका. लोक "स्लाइड" म्हणतात की "रॅम", "पायडल" की "पेडल", "जॉब" की "पीस"? जे म्हणतात तेच लिहा. पुस्तकात काय आहे ते विसरा.

आणि एक जपायचं. आमच्या पहिल्या मजकुरात मी "लाल बटण मारा" असं लिहिलं होतं. दोन दिवसांनी एका हेल्परने हळूच विचारलं, "साहेब, मारायचं म्हणजे?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे "मार" म्हणजे स्ट्रोक दे. पत्रा लावून झाला की पलीकडचा म्हणतो, "हं, मार." आणि मी अडकलेल्या जॉबवर माणसांना "मारा" शिकवत होतो. आता बटण दाबायचं, आणि मारायचा तो फक्त स्ट्रोक. तुमच्या शॉपमध्येही असा एखादा दुहेरी शब्द असेल. तो हेल्परच सांगेल, साहेब सांगणार नाही.

निम्मी माणसं बिहार, ओडिशाची आहेत. मराठीत बोलून उपयोग काय?

हिंदीतही बोला, पण भाषांतर वाचून दाखवू नका. तीन मुख्य शब्द दोन्हीकडे जवळपास तसेच ठेवा : पैर, लाल, चक्का. "जॉब अटका? पहले पैर हटाओ. फिर लाल दबाओ. फिर चक्का देखो, रुकने तक." बस्स. उत्तर ज्याने त्याने आपल्या भाषेत दिलं तरी चालतं, पाय मागे गेला की झालं. मराठी न कळणारा माणूस मागच्या रांगेत उभा राहून इतरांबरोबर मान हलवतो. म्हणून प्रात्यक्षिकाला पहिल्यांदा मागच्या रांगेतल्याला बोलवा.

स्पीकरवरून केली तर? सगळ्या शॉपला एकदम ऐकू जाईल.

ऐकू जाणार नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजा. प्रेस शॉप चालू असताना याहून जास्तच असतो. त्यात कानात प्लग. स्पीकरचा आवाज वाढवला की शब्द फाटतात, आणि "हात घालू नका" मधलं नेमकं "नका" हरवतं.

म्हणून मशिनी लागायच्या आधी, प्लग घालायच्या आधी, गोल करून बोला. पंधरा-वीस माणसांपलीकडे गोल मोठा होऊ देऊ नका, नाहीतर दोन गोल करा. आणि वाक्यं अशी ठेवा की त्यातला एखादा शब्द निसटला तरी अर्थ उलटा होणार नाही. "हात घालू नका" पेक्षा "चिमट्याने काढा" बरं. दुसऱ्यातला शब्द हरवला तरी "हात घाला" असं कुणाला ऐकू येणार नाही.

कोणी बोलायचं? सेफ्टी ऑफिसरने?

ज्याच्या सांगण्यावरून प्रेस थांबते आणि सुरू होते त्याने. म्हणजे शिफ्टच्या सुपरवायझरने. सेफ्टी ऑफिसर आठवड्यातून एकदा मागे उभा राहून ऐकेल.

सकाळी "सोडून द्या, सेटरला हाक मारा" म्हणणारा माणूस दुपारी तीन वाजता "अरे, काढ ना पटकन, गाडी उभी आहे" म्हणाला, तर सकाळचं मिनिट वाया गेलं. लोकांना दुपारचं वाक्य लक्षात राहतं. म्हणून मजकुरातलं "वेळ गेला तर तो मी लिहीन" हे वाक्य खरं करावं लागतं. आमच्या थांब्याच्या वहीत "जॉब अडकला" असा वेगळा रकाना आहे, आणि त्याच्यापुढे सही सुपरवायझरची असते, ऑपरेटरची नाही. तुम्हाला हा रकाना मिळत नसेल तर ते वाक्य घोषणेतून काढून टाका. खोटं वाक्य ठेवू नका.

लोकांच्या लक्षात राहिलं हे कसं ओळखायचं?

विचारून नाही. विचारलं की सगळे "हो" म्हणतात. तीन-चार दिवसांनी, शिफ्टच्या मध्यात एखाद्या प्रेसपाशी जा, मोटर आणि मेन हँडल बंद करायला लावा, चाक थांबू द्या आणि म्हणा, "जॉब अडकला. दाखवा." मग त्याच्या पायाकडे बघा. पाय आधी मागे गेला तर घोषणा पोचली. हात आधी जाळीकडे गेला तर नाही पोचली. त्याला रागावू नका, उद्याच्या घोषणेत तेच पुन्हा घ्या.

आणि चिमटा कुठे आहे ते बघा. प्रेसला साखळीने लटकलेला असायला हवा. बारा पावलांवरच्या पेटीत असेल तर तिथपर्यंत कुणी जाणार नाही, बोटं जास्त जवळ असतात. चिमटा ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा घ्या. पोलादी चिमटा आत राहिला आणि स्ट्रोक बसला तर डाय फुटते, म्हणून डाय वाचवायला माणसं चिमटा टाळतात आणि बोटं वापरतात. हे कुणी बोलून दाखवत नाही.

चाक थांबायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ कोण थांबणार?

घड्याळ लावून मोजा, प्रत्येक प्रेसचं वेगळं. आमच्या चार नंबरला दीड मिनिटाच्या आसपास लागतो. तो आकडा ऑइलपेंटने गार्डवर लिहिलाय. आकडा दिसला की थांबणं सोपं जातं. नाहीतर दीड मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं.

प्रेस आपोआप दुसरा स्ट्रोक मारते अशी तक्रार आहे. घोषणेत सांगू का?

घोषणेत नको. ती प्रेस बंद करा. चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली, पायडल परत वर येईना झालं किंवा ब्रेक ढिला झाला की प्रेस दुबार मारते. त्याची चाहूल आधी लागते : स्लाइड वर गेल्यावर नेमकी टॉपला न थांबता थोडी पुढे सरकून थांबते, किंवा थांबताना खटखट आवाज येतो. घोषणेत एवढंच ठेवा : "प्रेस रोजच्यापेक्षा वेगळी थांबली की मला सांगा."

डाय बदलतानाही हीच घोषणा चालेल?

नाही, ते सेटरचं काम आहे. तिथे मेन स्विचला कुलूप, चावी सेटरच्या खिशात आणि स्लाइडखाली ब्लॉक, हे सगळं लागतं. सगळ्या शॉपसमोर ते सांगून ऑपरेटरला उगाच वाटायला नको की हे आपणही करू शकतो.

एवढं करूनही अपघात झाला तर काय ओरडायचं?

त्या वेळचा मजकूर अजून छोटा, आणि माणसं आधीच ठरलेली : "चार नंबर! सगळ्या प्रेस बंद! गणेश, १०८!" बस्स.

हात आत अडकलेला असेल तर कुणीही पायडल किंवा बटण दाबून स्लाइड वर घ्यायला जाऊ नका. की-क्लचची प्रेस वर यायच्या आधी पूर्ण खाली जाते. मेन बंद करा आणि सेटरला बोलवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. बोट तुटून पडलं असेल तर ते शोधा. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकू नका, त्याने ते खराब होतं. पिशवीवर मार्करने वेळ लिहा आणि ती जखमीबरोबर त्याच गाडीत द्या.